देशातली कोर्टं संपली, आता पुढे काय? युएनच्या ह्युमन राइट्स कमिटीकडे तक्रार करायची तर

एका मैत्रिणीची तक्रार युएनच्या ह्युमन राइट्स कमिटीकडे पाठवायला मी मदत केली. आम्ही दोघीही वकील नाही, आणि पहिले तीन महिने आमचे नुसते चुकीची कागदं चुकीच्या क्रमाने लावण्यात गेले. तिचं प्रकरण अजून चालू आहे म्हणून त्याबद्दल इथे काही सांगत नाही, पण आमच्या चुका बिनधास्त सांगते. आणि उदाहरण म्हणून एक जुनं, सगळ्यांसाठी उघड असलेलं प्रकरण शेवटपर्यंत सोबत ठेवते, कारण नियम नुसते वाचले तर डोक्यावरून जातात.

प्रकरण आहे सँड्रा लव्हलेस विरुद्ध कॅनडा. लव्हलेस जन्माने मॅलिसीट, म्हणजे कॅनडातल्या एका आदिवासी समाजाच्या. त्यांची वस्ती टोबिक रिझर्व्ह, न्यू ब्रन्सविक प्रांतात. तिथल्या कायद्यात या समाजांना 'इंडियन' म्हणायचे (आपल्याशी काही संबंध नाही) आणि त्या कायद्यात असं होतं की इंडियन बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचा इंडियन दर्जा गेला, पण इंडियन पुरुषाने बाहेरच्या बाईशी केलं तर त्याचं काहीच जात नाही. लव्हलेस यांनी १९७० मध्ये बाहेरच्या माणसाशी लग्न केलं, दर्जा गेला. पुढे संसार मोडला, त्या परत आल्या, तर ज्या वस्तीत वाढल्या तिथेच राहायचा हक्क उरलेला नव्हता. २९ डिसेंबर १९७७ ला त्यांनी कमिटीकडे तक्रार केली.

## १. आधी बघा, तुमचा दरवाजा उघडा आहे का

युएनमध्ये दोन गोष्टींची नावं इतकी सारखी आहेत की पेपरवालेही चुकतात. ह्युमन राइट्स कौन्सिल म्हणजे ४७ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी, तिथे राजकारण चालतं. ह्युमन राइट्स कमिटी वेगळी. ती १८ तज्ज्ञांची, जिनिव्हात वर्षातून तीनदा बसते, आणि नागरी व राजकीय हक्कांचा जो १९६६ चा करार आहे तो देश पाळतात का हे बघते. आपल्याला हवी ती कमिटी. शिवाय महिला, मुलं, छळ, वंशभेद, अपंगत्व अशा विषयांच्या करारांच्या आपापल्या कमिट्या आहेत, त्यांची पद्धत बरीचशी अशीच असते पण मुदती वेगळ्या, त्यामुळे इथलं सगळं तिकडे जसंच्या तसं लावू नका.

आता मुख्य भानगड. देशाने मूळ करार मान्य केला म्हणजे त्याच्यावर जबाबदारी आली. कलम २ प्रमाणे त्याने हक्क स्वतः तुडवायचे नाहीत, दुसऱ्यांना तुडवू द्यायचे नाहीत, गरज असेल तिथे कायदा बदलायचा, आणि हक्क मोडला गेला तर दाद मिळायची खरी सोय द्यायची. पण एवढ्याने तुम्हाला तक्रार करता येत नाही! त्यासाठी देशाने वेगळा कागद मान्य केलेला असावा लागतो, त्याचं नाव पहिला ऑप्शनल प्रोटोकॉल. अमेरिकेने करार मान्य केलाय, प्रोटोकॉल नाही. भारताने करार १९७९ मध्ये मान्य केला, प्रोटोकॉल नाही. म्हणजे या दोन देशांविरुद्ध या कमिटीकडे वैयक्तिक तक्रार चालत नाही, कितीही पक्की केस असली तरी.

पण पासपोर्ट कुठला हे इथे बघत नाहीत. बघतात ते हे की ज्या देशाविरुद्ध तक्रार आहे, घटना घडली तेव्हा तुम्ही त्याच्या अधिकारक्षेत्रात होतात का. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहणारा परदेशी माणूस त्या देशाविरुद्ध तक्रार करू शकतो, व्हिसा संपलेला असला तरी.

देशांची यादी treaties.un.org वर किंवा indicators.ohchr.org वर बघा. आणि आजचीच बघा. देश बाहेरही पडतात, जमैका १९९७ मध्ये पडला, बेलारूसने २०२२ मध्ये कळवलं. देशाने 'रिझर्व्हेशन' म्हणजे अट घालून सही केलीय का हेही तिथेच दिसतं. युरोपातल्या बऱ्याच देशांची अट अशी की हेच प्रकरण दुसऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने आधी तपासलं असेल तर कमिटीने हात लावायचा नाही. त्यामुळे युरोपातल्या मानवाधिकार कोर्टात हरून मग इकडे येऊ असा प्लॅन असेल तर आधी ही अट वाचा.

दरवाजा बंद असेल तर? मनमानी अटकेवर काम करणारा युएनचा एक वर्किंग ग्रुप आहे आणि वेगवेगळ्या विषयांचे स्पेशल रॅपोर्टर, म्हणजे युएनने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ, आहेत, ते कुठल्याही देशाबद्दल सरकारला पत्र लिहू शकतात. तो वेगळा रस्ता, इथे त्यात शिरत नाही.

## २. तारखा जुळवा

प्रोटोकॉल त्या देशाला ज्या दिवसापासून लागू झाला त्याच्या आधीच्या घटना कमिटी बघत नाही. लव्हलेस यांचं इथेच अडलं असतं. लग्न १९७० चं, दर्जा तेव्हाच गेला, आणि कॅनडाला करार व प्रोटोकॉल लागू झाला १९ ऑगस्ट १९७६ ला. वरवर बघितलं तर खेळ खलास.

पण कमिटीने वेगळा प्रश्न विचारला: १९ ऑगस्ट १९७६ नंतर या बाईंचं काय होतंय? तर त्यानंतरही त्या रोज आपल्या वस्तीत राहायच्या हक्काला मुकत होत्या. जुन्या निर्णयाचा परिणाम चालूच होता आणि तो परिणामच करार मोडत होता. म्हणून प्रकरण टिकलं. पण याची किंमतही मोजावी लागली, ती पुढे सांगते.

म्हणजे तुमची घटना जुनी असेल तर 'तेव्हा अन्याय झाला' हे वाक्य कामाचं नाही. लागू तारखेनंतर तुमच्याकडून नेमकं काय हिरावलं जातंय ते लिहा. किंवा लागू तारखेनंतर कोर्टाने तोच निर्णय कायम केला असेल तर तो धरा.

दुसरी तारीख उशिराची. प्रोटोकॉलमध्ये मुदत लिहिलेली नाही म्हणून लोक निवांत बसतात. कमिटीच्या नियमांत मात्र आहे की देशातले उपाय, म्हणजे तिथली कोर्टं आणि अपिलं, संपल्यावर पाच वर्षांनी तक्रार आली, किंवा दुसरा आंतरराष्ट्रीय मंच संपल्यावर तीन वर्षांनी, तर तो हक्काचा गैरवापर धरला जाऊ शकतो. उशिराला ठोस कारण असेल तर सांगता येतं, पण कारणं सांगायची वेळच कशाला आणायची.

## ३. तक्रारदार कोण

ज्याचं नुकसान झालं तोच. 'आमच्या भागात असं सर्रास चालतं' अशी सार्वजनिक तक्रार इथे चालत नाही, कंपनी किंवा संस्थेच्या नावानेही चालत नाही. दुसऱ्याने पाठवायची असेल तर पीडित व्यक्तीचं सही केलेलं संमतीपत्र लागतं, आणि ती तुरुंगात किंवा बेपत्ता असल्यामुळे सही शक्य नसेल तर जवळच्या नातलगाने तसं समजावून लिहायचं.

मात्र नुकसान म्हणजे अटक किंवा मारहाणच असं नाही. निकोलस टूनन यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तक्रार केली, टास्मानिया राज्याच्या कायद्यात तेव्हा पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा होते. त्यांच्यावर खटला कधी झालेलाच नव्हता. कमिटी म्हणाली की कायदा डोक्यावर टांगलेला आहे आणि त्याचा त्यांच्या जगण्यावर परिणाम होतोय एवढं पुरेसं आहे, आणि १९९४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने दिला. कायदा राज्याचा असला तरी जबाबदार ऑस्ट्रेलियाच, करारात घटकराज्यांची पळवाट नाहीये. गंमत म्हणजे त्यांच्या तक्रारीवरची तारीख आहे २५ डिसेंबर १९९१, ऑस्ट्रेलियाला प्रोटोकॉल लागू झाला तोच दिवस. याला म्हणतात तयारी.

## ४. देशातले उपाय संपवा (इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात)

नियम सोपा दिसतो. आधी देशात शेवटच्या कोर्टापर्यंत जा, मग इकडे या. यामागचं कारण असं की चूक सुधारायची पहिली संधी त्या देशाला मिळायला हवी. पण यात तीन खाचा आहेत.

पहिली, मुद्दा तोच असायला हवा. आमची सगळ्यात मोठी चूक ही. मैत्रीण वरच्या कोर्टापर्यंत गेली होती, पण तिथे तिच्या आधीच्या वकिलाने फक्त नोटीस वेळेत मिळाली नाही एवढाच मुद्दा मांडला होता. आणि आम्ही कमिटीला लिहायला बसलो कुटुंबाच्या हक्काबद्दल! कराराचं कलम कोर्टात नावाने घ्यायलाच हवं असं नाही, पण त्या हक्काचा गाभा तिथे मांडलेला असावा लागतो. नशीब की तिच्या अपिलाच्या एका परिच्छेदात मुलांपासून ताटातूट होण्याचा मुद्दा होता. तो सापडला त्या रात्री आम्ही अक्षरशः नाचलो. तुमचा खटला अजून देशात चालू असेल तर आजच वकिलाला सांगा की हक्काचा मुद्दा लेखी घाला, नंतर घालता येत नाही.

दुसरी, 'जाऊन काही उपयोग नव्हता' हे नुसतं म्हणून भागत नाही. पैसे नव्हते, न्यायव्यवस्थेवर विश्वास नव्हता, वकिलाने मुदत चुकवली, ही कारणं कमिटी सहसा मानत नाही. उपाय निरुपयोगी होता हे दाखवायचं तर कागद लागतो. परत लव्हलेस बघा. त्या कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात गेल्याच नव्हत्या. पण १९७३ मध्ये त्याच कोर्टाने दुसऱ्या एका बाईच्या, जेनेट लावेल यांच्या प्रकरणात हेच कलम वैध ठरवलं होतं. म्हणजे त्याच कोर्टात तोच प्रश्न घेऊन गेलं असतं तर उत्तर ठरलेलंच होतं. लव्हलेस यांनी तो निकाल पुढे ठेवला, कॅनडा सरकारनेही 'अजून उपाय बाकी आहेत' असं म्हटलं नाही, आणि हा अडथळा पार झाला. तुम्हालाही असंच करायचंय: आपल्यासारख्याच प्रकरणात वरच्या कोर्टाने आधीच नाही म्हटलंय असा निकाल शोधा आणि जोडा.

तिसरी, कुठला उपाय संपवायचा आणि कुठला नाही. राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज यासारखे, सरकारच्या मर्जीवर असलेले उपाय संपवायची गरज नसते. आणि कोर्टात केस अवास्तव रेंगाळली असेल तर शेवट व्हायची वाट बघावी लागत नाही. पण किती वर्षं म्हणजे अवास्तव याचा आकडा कुठेही नाही, प्रकरण किती गुंतागुंतीचं होतं आणि उशीर कोणामुळे झाला हे बघतात. तुमच्याच वकिलाने दहा तारखा मागितल्या असतील तर मग बोलायला जागा नाही.

हा भाग लिहायची पद्धत आम्हाला उशिरा कळली. गोष्ट सांगायची नाही, ओळी लिहायच्या. प्रत्येक ओळ अशी:

तारीख – कुठल्या कार्यालयात किंवा कोर्टात – काय मागितलं – हक्काचा मुद्दा कुठल्या परिच्छेदात – निकाल काय आणि कारण काय – जोडपत्र क्रमांक.

आमच्या पहिल्या मसुद्यात ३४ पानं अन्यायाची कहाणी होती आणि हा भाग चार ओळींचा. दुसऱ्यात कहाणी नऊ पानं, हा भाग सहा.

## ५. अर्ज लिहा

युएनच्या मानवाधिकार कार्यालयाच्या ohchr.org या साइटवर तक्रारीचा नमुना फॉर्म मिळतो, आणि कुठे पाठवायचा तेही तिथेच लिहिलेलं असतं. पत्ता जुन्या पीडीएफवरून उचलू नका, साइटवरूनच घ्या. फी नाही. वकील सक्तीचा नाही, पण युएन वकील देतही नाही. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा रशियन यांपैकी एका भाषेत लिहायचं. मजकूर ५० पानांच्या आत, आणि २० पानांपेक्षा जास्त झाला तर पाच पानांपर्यंतचा सारांश वेगळा जोडायचा.

जोडायचे कागद:

- सही आणि तारीख असलेली तक्रार
- दुसरं कोणी पाठवत असेल तर संमतीपत्र
- सगळ्या कोर्टांचे आणि कार्यालयांचे निकाल, तारखांच्या क्रमाने
- तुमचे अर्ज आणि अपिलं (निकालापेक्षा हेच लोक विसरतात, आणि मुद्दा मांडला होता हे सिद्ध होतं ते यातूनच)
- संबंधित कायद्याची कलमं
- वैद्यकीय किंवा इतर पुरावे
- परकी भाषेतल्या महत्त्वाच्या कागदांचं भाषांतर, निदान सारांश तरी

मूळ प्रती अजिबात पाठवू नका, फक्त कॉपी. आणि नाव लपवण्याबद्दल गैरसमज नको. निनावी तक्रार घेत नाहीत आणि तुमचं नाव सरकारला कळणारच, कारण त्याशिवाय ते उत्तर काय देणार. पण छापल्या जाणाऱ्या निकालात नाव नको असेल तर तसं मागता येतं.

लिहिताना सगळ्यात मोठा सापळा हा की कमिटीला आणखी एक अपील कोर्ट समजणं. 'न्यायाधीशांनी साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता' अशी तक्रार फेटाळली जाते, कारण पुरावे तोलायचं काम देशातल्या कोर्टांचं. कमिटी त्यात पडते ते फक्त कोर्टाचं वागणं उघड मनमानीचं असेल किंवा न्यायच नाकारला गेला असेल तेव्हा. म्हणून निकाल चुकला असं न लिहिता, निकालामुळे कराराचं अमुक कलम कसं मोडलं ते लिहा. तुमच्यासारखी जुनी प्रकरणं juris.ohchr.org वर शोधता येतात, चार-पाच वाचलीत की भाषा आपोआप कळते.

## ६. घाईचं प्रकरण असेल तर

उद्या हद्दपार करणार आहेत किंवा फाशीची तारीख लागली आहे, म्हणजे भरून न येणारं नुकसान समोर आहे, तर तात्पुरत्या उपायाची मागणी करता येते. कमिटी पटल्यास देशाला लिहिते की आमचा विचार होईपर्यंत थांबा. ही मागणी पहिल्याच ओळीत, ठळक, तारखेसकट हवी आणि ईमेलच्या विषयातही. पंचविसाव्या पानावर लिहिलीत तर कोणाला वेळेत दिसणार नाही. देश दरवेळी ऐकतोच असंही नाही, १९९९ मध्ये कमिटीने थांबायला सांगूनही फिलिपिन्सने तीन जणांना मृत्युदंड दिला, कमिटीने त्याला प्रोटोकॉलचं गंभीर उल्लंघन म्हटलं, पण माणसं तर गेलीच.

## ७. पाठवल्यावर

आधी सचिवालय कागद बघतं, काही कमी असेल तर विचारतं. लगेच उत्तर द्या. नोंदणी झाली की तक्रार सरकारकडे जाते, त्यांना उत्तराला सहा महिने. मग त्यांचं उत्तर तुमच्याकडे येतं आणि तुम्ही त्यावर लिहायचं. सरकार जवळजवळ नेहमी 'उपाय संपवले नाहीत' इथूनच सुरुवात करतं, म्हणून चौथ्या पायरीवर मी एवढी पानं घालवली. सगळं कागदावर चालतं, कोर्टासारखी सुनावणी सहसा नसते. आणि वर्षं लागतात. पत्ता किंवा ईमेल बदलला तर कळवा, नाहीतर उत्तर न आल्याने प्रकरण बंद व्हायचं.

## ८. निकाल आला, मग?

निकालाला 'व्ह्यूज' म्हणतात. पोलीस पाठवून अंमल करायची सोय नाही. देशाने प्रोटोकॉल मानलाय तर त्याने प्रामाणिकपणे पाळावं अशी कमिटीची भूमिका आहे, आणि काय केलं ते सांगायला देशाला १८० दिवस देतात. त्यानंतर कमिटीचा एक सदस्य पाठपुरावा करतो. खरा जोर मात्र देशातल्या संसदेवर, पेपरांवर, कोर्टांवर तो कागद घेऊन जाण्यातून येतो.

लव्हलेस यांना ३० जुलै १९८१ ला निकाल मिळाला. कमिटी म्हणाली की कलम २७, म्हणजे अल्पसंख्याकांना आपल्या समाजासोबत आपली संस्कृती जगण्याचा हक्क, मोडला गेला, कारण टोबिकच्या बाहेर असा समाज दुसरा कुठे नाहीच. दुसऱ्या पायरीत किंमत म्हटलं होतं ती इथे दिसते. बाई म्हणून भेदभाव झाला हा मूळ मुद्दा १९७० च्या लग्नाशी बांधलेला, तो तारखेच्या पलीकडे राहिला, आणि कमिटीने निकाल संस्कृतीच्या कलमावर दिला.

कॅनडाने १९८५ मध्ये कायदा बदलला, दर्जा गेलेल्या बायकांना तो परत मिळायची सोय झाली. पण बायकांच्या वंशजांना पुरुषांच्या वंशजांएवढा हक्क मिळेना. मग शॅरन मॅकआयव्हर आपल्या मुलाबरोबर देशातली कोर्टं संपवून त्याच कमिटीकडे गेल्या. २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि या वेळी कमिटीने स्त्री-पुरुष भेदभावाचं नाव घेऊन तो दिला.